आरएसआय ७५ झाला, आता विकायचंच का?

मानेवाडा_मंग्या (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. माझ्याकडे एका मिडकॅप इंजिनिअरिंग कंपनीचे २०० शेअर आहेत. नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर धागा त्या कंपनीच्या मागे धावेल. साधारण पावणेअकरा महिन्यांपूर्वी ४१० ला घेतले होते. तेव्हापासून ४०० ते ४४० मधे नुसता लोळत होता. मग तिमाही निकाल चांगले आले, मोठी ऑर्डर मिळाली आणि गेल्या तीन आठवड्यांत सरळ वर. आजचा बंद भाव ५००.

दैनिक चार्टवर आरएसआय, म्हणजे रिलेटिव्ह स्ट्रेंथ इंडेक्स, ७५ दाखवून राहिला. माझ्या ऑफिसच्या ग्रुपवर सगळे एकच म्हणतात, ओव्हरबॉट झाला, विक, नाहीतर रडशील. कंपनीबद्दल माझं मत बदललेलं नाही. फक्त त्या एका आकड्यासाठी विकायचं का? आणि तो आकडा नेमकं सांगतो तरी काय?

तर्री_पोहे

विकून टाक अन् रविवारी सगळ्यांना पोहे खाऊ घाल. तर्री वेगळ्या वाटीत. झालं टेक्निकल ॲनालिसिस.

इतवारी_पेढी

गंमत सोडा. मंग्याभाऊ, सत्तरच्या वर म्हणजे ओव्हरबॉट, यात वादच नाही. ज्यांना घ्यायचं होतं त्यांनी घेऊन टाकलं. आता नवीन गिऱ्हाईक कुठून आणता? चण्याचे वायदे बंद व्हायच्या आधी मी त्यात रोजचा होतो, तिथंही हाच नियम पाळला. ७० ला अर्धा माल, ८० ला उरलेला. डोळे मिटून.

हिंगणा_शिफ्ट

मला वाटते उलटं आहे. रिलेटिव्ह म्हणजे निफ्टीच्या तुलनेत ना? ७५ म्हणजे निफ्टीपेक्षा हा शेअर लय जोरात चालून राहिला. मग जोरात चालणारी वस्तू काऊन विकायची? मी तर अशीच शोधून घेतो.

मिहान_कोडर

@हिंगणा_शिफ्ट, तू म्हणतोस ते निफ्टीशी तुलना करणारं साधन वेगळं असतं, त्यात शेअरचा भाव निर्देशांकाने भागतात. आरएसआयमधे निफ्टी कुठेच येत नाही. शेअरचे स्वतःचेच वाढीचे दिवस आणि घटीचे दिवस एकमेकांशी ताडून बघतात. निफ्टी २ टक्के पडला आणि तुझा शेअर जागचा हलला नाही, तरी आरएसआय तसूभरही सरकणार नाही.

हिंगणा_शिफ्ट

अस्सं. म्हणजे मी दोन वर्षं भलतंच फिल्टर लावून राहिलो. पैसे मात्र झाले बरं का 😀

सीमा_प्रतापनगर

पेढीवाले भाऊ, "ज्यांना घ्यायचं होतं त्यांनी घेतलं" हे आरएसआयला कळायला मार्गच नाही. त्याच्या हिशोबात किती शेअर हात बदलले ते नाही, कंपनीचा नफा नाही, भाव महाग की स्वस्त तेही नाही. त्याला दिसतात फक्त बंद भाव. मी बरीच वर्षं ब्रोकरच्या डीलिंग रूममधे काढली आहेत. तिथेही निम्म्या लोकांना हा आकडा म्हणजे शेअर किती "भरला" त्याचं माप वाटायचा.

हिशोब असा असतो. आजचा बंद भाव कालच्यापेक्षा वर असेल तर जितके रुपये वाढले ते एका रकान्यात. खाली असेल तर जितके घटले ते दुसऱ्या रकान्यात. दोन्ही रकान्यांची १४ दिवसांच्या धर्तीवर सरासरी काढायची. मग वाढीची सरासरी भागिले दोन्ही सरासऱ्यांची बेरीज, गुणिले १००. मंग्या, तुझा ७५ म्हणजे अलीकडे हा शेअर जितका हलला, त्यातल्या प्रत्येक रुपयामागे ७५ पैसे वरच्या दिशेने होते आणि २५ पैसे खालच्या. एवढंच. यात "आता बस" असं कुठे म्हटलंय?

आता ७० चं बघा. सत्तर-तीस ही वाटणी निसर्गात सापडलेली नाही. वेल्स वाइल्डर नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने १९७८ मधे हे साधन मांडलं, तेव्हा ७० आणि ३० या रेषा आखल्या. तो काळ कागद-पेन्सिल आणि कॅल्क्युलेटरचा, आणि त्याचा वावर मुख्यतः कमोडिटीच्या वायद्यांत. आणि रेषा ओलांडली की लगेच विका, असं त्याचंही म्हणणं नव्हतं. त्या भागात गेल्यावर पुढे आरएसआयची चाल कशी मोडते, ते तो बघायचा.

इतवारी_पेढी

ताई, हिशोब तुमचा बरोबर असेल. पण ७५ पैसे वर अन् २५ पैसे खाली असं किती दिवस चालणार? कधी तरी बरोबरीला येईलच ना?

सीमा_प्रतापनगर

कधी तरी येईल. पण मधल्या काळात भाव कुठे जाईल, ते बघा. वहीत एक मनचा शेअर मांडते. भाव ५००. दोन दिवस ४-४ रुपये वाढतो, तिसऱ्या दिवशी २ रुपये पडतो. पुन्हा दोन दिवस ४-४, पुन्हा २ खाली. असंच चालू. दर तीन दिवसांत वाढ ८ ची, घट २ ची. दहापैकी आठ वर, म्हणजे आरएसआय ८० च्या आसपास. तुमच्या नियमाने अर्धा माल सुरुवातीलाच गेला आणि उरलेला लगेच त्याच्या मागोमाग.

आता ही चाल ६० सत्रं चालू द्या, म्हणजे जवळजवळ तीन महिने. दर तीन दिवसांना ६ रुपये निव्वळ, वीस वेळा, झाले १२०. भाव ६२०. या सगळ्या काळात आरएसआय कुठे होता? पडण्याच्या दिवशी ७८ च्या थोडा वर, दोन वाढींनंतर ८२ च्या थोडा खाली. सत्तरला तो एकदाही शिवला नाही. शेअर संथ आहे, एका दिवसात एक टक्कासुद्धा हलत नाही, कुठे वेडेपणा नाही, तरी पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत "ओव्हरबॉट".

मी म्हणते ते एवढंच. तेजी टिकून असेल तर आरएसआय वर राहणारच, कारण तो तेजीचंच माप घेतो.

मिहान_कोडर

मी आत्ता स्प्रेडशीटमधे मांडून बघितलं, सुरुवातीला जरा वर जातो, मग ७८ ते ८२ मधे झुलतो. कोणाला करून बघायचं असेल तर: B मधे दुसऱ्या ओळीपासून बंद भाव, C मधे तिसऱ्या ओळीपासून वाढ, D मधे घट (दोन्ही धन आकडे, नसेल तिथे शून्य). सोळाव्या ओळीत E16 आणि F16 मधे पहिल्या चौदा आकड्यांची साधी सरासरी. त्यानंतर

```
E17: =(E16*13+C17)/14
F17: =(F16*13+D17)/14
G17: =100*E17/(E17+F17)
```

आणि खाली ओढत न्यायचं. मंग्या, तुझे गेल्या वर्षभराचे बंद भाव टाक, तुझंही काढून देतो.

धंतोली_डॉक

एवढी गणितं करण्यापेक्षा कंपनीचा ताळेबंद वाचा. रेषा बघून पैसे लावणं आणि कुंडली बघून लग्न ठरवणं सारखंच.

तर्री_पोहे

डॉक्टर, तुमची कुंडली जुळली होती का नाही ते आधी सांगा.

धंतोली_डॉक

छत्तीस गुण. आकडा बघून निर्णय घेऊ नये ते म्हणूनच सांगतोय.

निवृत्त_नानाजी

सीमाताई, तुमचं वहीतलं उदाहरण छान आहे, पण ते वहीतलं आहे. मी निवृत्तीनंतर गेली काही वर्षं तीन-चारच शेअर बघतो. दोन सरकारी कंपन्या, एक जुनी सिमेंट कंपनी. लाभांश बरा देतात आणि भाव एका पट्ट्यात फिरत राहतो. आरएसआय ७० च्या आसपास आला की मी थोडे विकतो, ३५ ला आला की परत घेतो. या पद्धतीवर घरचा किराणा निघतो. आमच्या सौ. सुद्धा आता विचारतात, "आज तुमचा तो सत्तर झाला का?" तेव्हा पेढीवाले अगदीच चूक नाहीत.

इतवारी_पेढी

नानाजींचा विजय असो! 🙏

सीमा_प्रतापनगर

नानाजी, तुमचं अजिबात चूक नाही. पण तिथे काम कोण करून राहिलं ते पाहा. भाव पट्ट्यात फिरतोय म्हणून वरच्या टोकाला पोचेस्तोवर आरएसआय ६५-७० होतो, आणि वरच्या टोकाला विकणारे बसलेले असतात म्हणून भाव परततो. परत पाठवणारा तो पट्टा. तुम्ही आरएसआय न बघता नुसतं वरच्या टोकाला विकलं असतं तरी किराणा जवळपास तेवढाच निघाला असता.

आणि मंग्याचा शेअर बघा. तोसुद्धा महिनोन् महिने ४०० ते ४४० च्या पट्ट्यातच होता. तिथे तुमची पद्धत चालली असती. मग तो ४४० च्या वर निघाला. मंग्या, आरएसआय पहिल्यांदा ७० च्या वर गेला तेव्हा भाव किती होता?

मानेवाडा_मंग्या

चार्ट बघून सांगतो. ४५५ च्या आसपास. निकालानंतर दोन-तीन दिवसांनी.

सीमा_प्रतापनगर

म्हणजे सत्तरच्या नियमाने तो ४५५ ला विकला जायला हवा होता. पट्टा फोडून बाहेर पडण्यासाठी जो जोर लागतो, त्याच जोराने आरएसआय सत्तरच्या वर जातो. म्हणून एकच आकडा पट्ट्याच्या आत "थकला" सांगतो आणि पट्ट्याबाहेर "निघाला" सांगतो. नुसत्या आकड्यावरून या दोघांतलं कोणतं, ते कळत नाही.

निवृत्त_नानाजी

ते मान्य. पण पट्टा फुटलाय की खोटा फुटलाय हे त्याच दिवशी कोणाला कळतं? माझ्या सिमेंटच्या शेअरने असा दोनदा गुंगारा दिला आहे. वर गेला, सगळे नाचले, आठवड्यात परत आत. तेव्हा विकणारा शहाणा ठरला.

सीमा_प्रतापनगर

त्याच दिवशी कोणालाच कळत नाही. मलाही नाही.

तर्री_पोहे

मला समजलं ते असं. आपल्याकडे ४२ डिग्री जानेवारीत झालं तर माणूस घाबरेल, मे महिन्यात झालं तर म्हणेल आज जरा गार आहे. आधी महिना कोणता ते विचारा.

सीमा_प्रतापनगर

पोहेवाले, आज पहिल्यांदा कामाचं बोललात. अँड्र्यू कार्डवेल नावाच्या अभ्यासकाने हेच मांडलं. तेजी चालू असते तेव्हा आरएसआय साधारण ४० ते ८० मधे वावरतो, मंदीत २० ते ६० मधे. तेजीत भाव दम घ्यायला थांबला की आरएसआय ४०-५० ला येऊन परत फिरतो, तीसपर्यंत जातच नाही. मंदीत उसळी आली की ५५-६० ला दमतो. या सीमा काटेकोर नाहीत, पण "महिना कोणता" ओळखायला उपयोगी पडतात.

हिंगणा_शिफ्ट

हे सगळं खालच्या बाजूलाही लागू का? कारण ३० च्या खाली गेला की "ओव्हरसोल्ड, घे" असं सांगणारे तर जास्तच आहेत.

मिहान_कोडर

तिकडे तर जास्तच. २०२० चा फेब्रुवारी-मार्च बघ. फेब्रुवारीच्या मध्यात निफ्टी १२,००० च्या वर होता, महिन्याच्या शेवटी ११,२०० ला बंद झाला. दैनिक आरएसआय तेव्हाच ३० च्या खाली होता. "ओव्हरसोल्ड" म्हणून तिथे घेतलेल्याला २४ मार्चला ७,५११ चा तळ बघावा लागला. तिसाच्या खाली गेलेला आकडा मधे थोडा वर येऊन परत खाली गेला, आणि भाव तिसऱ्या हिश्श्याने गेला.

आणि त्याच वर्षाच्या शेवटी उलटं झालं. नोव्हेंबरच्या मध्यापासून निफ्टीचा आरएसआय बराच काळ सत्तरच्या वर, आणि भाव पुढेच. मग २१ डिसेंबरला इंग्लंडमधल्या नव्या विषाणूच्या बातमीने एका दिवसात ४३२ अंक गेले, १३,३२८ ला बंद. दहा दिवसांनी, ३१ डिसेंबरला, निफ्टी १४,००० ला पोचला होता.

इतवारी_पेढी

कोडरभाऊ, तुम्हीच माझा मुद्दा सिद्ध केला. २१ डिसेंबरला ४३२ अंक गेले ना? आरएसआय सांगतच होता की वर आहे, सांभाळा. आदल्या दिवशी विकणारा वाचला.

मिहान_कोडर

आदल्या दिवशी विकणारा वाचला, खरं आहे. पण तुमच्या नियमाने तो आदल्या दिवशी विकत नाही, महिनाभर आधी ७० ओलांडला तेव्हाच विकतो. तेव्हा निफ्टी १२,७०० च्या आसपास होता. ४३२ अंक पडल्यावरसुद्धा १३,३२८ होता, म्हणजे त्याने विकलं त्याच्या वरच.

इतवारी_पेढी

हम्म. पण ८० ला विकला असता तर?

तर्री_पोहे

९० ला विकला असता तर देशाचा अर्थमंत्री झाला असता.

मानेवाडा_मंग्या

बाप्पा, केवढा मोठा धागा झाला. कोडरभाऊ, वर्षभराचे बंद भाव मेसेजमधे पाठवले आहेत. आणि अजून एक. माझ्या ब्रोकरच्या ॲपवर ७५ दिसतो, माझा भाऊ वापरतो त्या दुसऱ्या ॲपवर त्याच शेअरचा ७९. दोघांचंही सेटिंग १४ च. खरा कोणता?

मिहान_कोडर

तुझा हिशोब झाला. वाढीची सरासरी ६.०, घटीची २.०, आरएसआय ७५. ब्रोकरचं ॲप बरोबर आहे, म्हणजे वाइल्डरच्या पद्धतीनं.

तुझ्या भाऊरायाच्या ॲपचं बहुतेक असं आहे की ते शेवटच्या चौदा दिवसांची साधी सरासरी धरतं. चौदा दिवसांआधीचा एक पडझडीचा दिवस त्यात पूर्ण गळून जातो. वाइल्डरच्या पद्धतीत जुना दिवस गळत नाही, हळूहळू फिका होत जातो. म्हणूनच फक्त वीस-पंचवीस दिवसांचे भाव भरून काढलेला आकडाही थोडा चुकतो, मागचा बराच इतिहास लागतो. मी दोनशेच्या वर दिवस भरले. अजून एक भानगड बोनस शेअरची. एकास एक बोनस मिळाला आणि चार्टवाल्याने जुने भाव अर्धे केले नाहीत, तर एका रात्रीत भाव निम्मा पडलेला दिसतो आणि आरएसआय तळाला जातो. तुझ्या बाबतीत तसं काही नाही.

सीमा_प्रतापनगर

आकडे मिळाले ते बरं झालं. आता मंग्या, उद्याचं आधीच काढून ठेव म्हणजे उद्या घाबरणार नाहीस. उद्या शेअर एक रुपया वाढला तर आरएसआय ७५.२. चौदा रुपये वाढला, म्हणजे जवळजवळ तीन टक्के, तरी ७८. उलट साडेसात रुपये पडला, ४९२.५० ला बंद झाला, की ७० च्या रेषेवर.

आता बरेच लोक असं शिकवतात की सत्तरच्या वर गेल्यावर विकू नका, वरून खाली येऊन सत्तर ओलांडला की विका. ऐकायला जास्त शहाणपणाचं वाटतं. पण तुझ्या बाबतीत त्याचा अर्थ फक्त एवढाच होतो की शेअर दीड टक्का पडला. हा शेअर रोज सरासरी तेवढा हलतोच. वाढ अन् घट मिळून ६ अधिक २, म्हणजे ८ रुपये. रोजच्या हालचालीएवढी हालचाल झाली, तिला इशारा कसं म्हणायचं?

मानेवाडा_मंग्या

ताई, हे पटलं. मग विकायचं कशावरून?

सीमा_प्रतापनगर

तू घेतला कशासाठी होतास, त्यावरून. मी सेबीची नोंदणी असलेली सल्लागार नाही, तेव्हा माझं फक्त मत समज. मी असते तर भावाकडे बघितलं असतं. या चढणीत मधे एकदा तरी भाव थोडा खाली येऊन थांबला असेल, तो तळ कुठे आहे?

मानेवाडा_मंग्या

४७८ ला तीन दिवस रेंगाळला होता, मग परत वर.

सीमा_प्रतापनगर

मग ४७८ च्या खाली बंद झाला तर चढण मोडली असं मी समजले असते. कोणी २० दिवसांची सरासरी धरतं, ती तुझ्या आकड्यांवरून ४६२ च्या आसपास येत असावी. कोणी पट्ट्याचं जुनं टोक, ४४०. जितकं लांब जाशील तितका जास्त नफा परत द्यावा लागेल, जितकं जवळ ठेवशील तितक्या वेळा उगाच बाहेर फेकला जाशील. यात आरएसआयचा उपयोग एकच. पुढे दम घेताना तो ४०-५० ला थांबून फिरला तर तेजी शाबूत आहे, आणि ४० तोडून गेला तर मी पुन्हा विचार करेन.

निवृत्त_नानाजी

माझं वेगळं मत नोंदवून ठेवा. मंग्याला ९० रुपये सुटले आहेत. शंभर शेअर आत्ता विकावेत, शंभर ठेवावेत. ७५ आहे म्हणून नाही, रात्री झोप लागावी म्हणून. ताईंच्या वहीत झोपेचा रकाना नाही.

धंतोली_डॉक

आणि कराचा रकाना कोणाच्याच वहीत नाही! मंग्या, पावणेअकरा महिने म्हणालास ना? आज सगळे विकलेस तर नफा १८,०००, अल्पमुदतीचा, २० टक्के कर म्हणजे ३,६००, सेस वेगळा. बारा महिने उलटल्यावर विकलेस तर दीर्घमुदतीचा, आणि वर्षभरात असा सगळा मिळून सव्वा लाखापर्यंतचा नफा करमुक्त. तुझा तेवढाच असेल तर शून्य. शेअरमागे १८ रुपयांचा फरक आहे हा.

इतवारी_पेढी

डॉक्टर रेषा मानत नाहीत पण कर बरोबर मानतात.

मिहान_कोडर

डॉकचा मुद्दा कामाचा आहे, पण दोन्ही बाजूंनी धरा. सव्वा महिना थांबून भाव ४८२ च्या खाली गेला तर वाचवलेला कर भावातच गेला.

मानेवाडा_मंग्या

(दुसऱ्या दिवशी संध्याकाळी)

आजचा बंद भाव ४९१. नऊ रुपये खाली. ॲपवर आरएसआय ६९. सीमाताईंच्या हिशोबाने बघितलं तर बरोबर तेवढाच यायला हवा होता. ऑफिसच्या ग्रुपवर मेसेज फिरून राहिला की "सत्तर तोडला, पक्का सेल सिग्नल". एकाने तर सगळा माल विकला.

मी काहीच केलं नाही. ४७८ च्या खाली बंद झाला तर सगळे विकणार. निम्मे आत्ता विकण्याचं नानाजींचं म्हणणं बायकोला जास्त पटलंय, त्यावर घरी चर्चा सुरू आहे.

निवृत्त_नानाजी

वहिनींना माझा नमस्कार सांगा.

इतवारी_पेढी

मंग्याभाऊ, ४७८ ला विकशील तर माझ्या नियमाने ५०० ला विकणाऱ्यापेक्षा २२ रुपये कमीच मिळतील, एवढं लक्षात ठेव.

सीमा_प्रतापनगर

भाऊ, तुमच्या नियमाने तो ५०० पर्यंत पोचलाच नसता. ४५५ लाच अर्धा गेला असता.

इतवारी_पेढी

अर्धाच ना. उरलेला अर्धा तर ८० ची वाट पाहत अजून हातातच आहे. मग मीपण धरूनच बसलो म्हणा की.

बरं ताई, एक सांगा. भावाने नवा उच्चांक केला पण आरएसआयने केला नाही, तर ते तरी खरं असते की तेही असंच?

सीमा_प्रतापनगर

त्याच्यासाठी वेगळा धागा काढा, हा आधीच लांबलाय. आणि काढाल तेव्हा चण्याचे तुमचे जुने चार्ट असतील तर लावा. त्यात अशा जागा किती आल्या आणि नंतर खरंच पडला किती वेळा, ते मोजून बघू.

इतवारी_पेढी

पेढीच्या जुन्या कॉम्प्युटरवर असतील. तो चालू झाला तर रविवारी टाकतो.